बिल पाहिले म्हणजे मशीन पाहिले का?

«सर, मी सी.ए.च्या आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षाला आहे. एका लहान भागीदारी संस्थेच्या ऑडिटमध्ये वर्षभराच्या पेमेंटचे व्हाउचिंग मी पूर्ण केले. त्यात सेकंडहँड सी.एन.सी. लेथच्या खरेदीचे बिल, चलन, बँकेची नोंद असे सगळे पाहून टिक केले. आता वरिष्ठ म्हणतात की मालमत्तेच्या पडताळणीसाठी शॉपवर जा आणि तेच मशीन पाहून ये. ही एकाच गोष्टीची दुबार तपासणी नाही का? कागदोपत्री सगळे बरोबर असताना तिथे जाऊन मी नेमके काय शोधायचे?»
— एक आर्टिकल, कोल्हापूर

नमस्कार.

तुम्ही टिक केलीत ती पेमेंटवर, मशीनवर नव्हे. त्या टिकेचा अर्थ एवढाच, की अमुक तारखेला संस्थेच्या बँक खात्यातून अमुक रक्कम अमुक व्यक्तीला गेली, ती देण्याची परवानगी अधिकार असलेल्या माणसाने दिली होती, ती संस्थेच्या धंद्यासाठी गेली आणि खतावणीत योग्य खात्याला नावे पडली. ताळेबंदातील ‘यंत्रसामग्री’ ही ओळ मात्र वेगळेच काही सांगते. 31 मार्चला ही वस्तू अस्तित्वात आहे, ती आमची आहे, आमच्या ताब्यात आहे, तिच्यावर कोणाचा बोजा असेल तर तो आम्ही दाखवला आहे आणि तिची किंमत आम्ही लिहिली तेवढीच आहे, असे ती ओळ म्हणते. पहिले विधान झालेल्या व्यवहाराबद्दल आहे आणि दुसरे शिल्लक राहिलेल्या वस्तूबद्दल. खरेदीच्या दिवशीचा कागद मार्चअखेरची साक्ष देऊ शकत नाही, म्हणून तुमचे वरिष्ठ तुम्हाला शॉपवर पाठवत आहेत.

तुमच्या संस्थेचे कागद मी पाहिलेले नाहीत. म्हणून तिच्यासारखीच एक संस्था मी उदाहरणादाखल रचतो आणि दोन्ही कामे तिच्यावर करून दाखवतो. शिरोली औद्योगिक वसाहतीत दोन भागीदारांची एक संस्था आहे असे धरू. ती फाउंड्र्यांकडून बिडाचे कास्टिंग घेते, त्यांचे टर्निंग-बोअरिंग करून परत देते आणि नगामागे मजुरी आकारते. सुरुवातीला तिच्याकडे तीन सी.एन.सी. लेथ होते. 16 ऑक्टोबर 2023 रोजी तिने पुण्यातील एका कारखान्याकडून चौथा, वापरलेला लेथ घेतला. किंमत 7,50,000 रुपये, त्यावर 18 टक्के दराने जी.एस.टी. 1,35,000 रुपये, म्हणजे बिल 8,85,000 रुपयांचे. रक्कम आर.टी.जी.एस.ने गेली. मशीन 18 ऑक्टोबरला ट्रकने आले आणि ट्रक व क्रेन मिळून एकाच ठेकेदाराला 18,500 रुपये रोखीने देण्यात आले.

आता व्हाउचिंग करणारा आर्टिकल किर्दीतली नोंद हातात घेऊन कागदाकडे जातो. बिल संस्थेच्याच नावावर आहे का, की एखाद्या भागीदाराच्या वैयक्तिक नावावर? बिलावर संस्थेचा जी.एस.टी. क्रमांक आहे का? तारीख याच आर्थिक वर्षातली आहे का? बँकेच्या उताऱ्यातील यू.टी.आर. क्रमांकापुढचे नाव आणि बिल देणाऱ्याचे नाव एकच आहे का? व्हाउचरवर भागीदाराची सही आहे का? कराचे 1,35,000 रुपये संस्थेने क्रेडिट म्हणून घेतले असतील, तर मशीन पुस्तकात 7,50,000 रुपयांनाच चढले पाहिजे. तीच रक्कम मशीनच्या किमतीत मिसळून तिच्यावर घसाराही घेणे कायद्याला मान्य नाही, आणि लहान संस्थांत ही चूक वारंवार दिसते. त्यासाठी बिलाशेजारी GSTR-2B उघडून ठेवावा.

खरा कस लागतो तो 18,500 रुपयांच्या त्या छोट्या व्हाउचरवर. हिशेबनिसाने ते ‘गाडीभाडे’ या खात्याला नावे टाकलेले आहे. कागद आहे, रक्कम जुळते, सही आहे, म्हणून नवखा आर्टिकल टिक करून पुढे जातो. मात्र मशीन जागेवर आणून बसवण्याचा खर्च हा मशीनच्याच किमतीचा भाग असतो. तो वर्षाच्या खर्चात टाकला तर नफा तेवढ्याने कमी दिसतो. त्यातच तो एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांहून जास्त रोखीने दिलेला आहे. आयकर अधिनियम 1961 नुसार मालमत्ता घेण्यासाठी असा खर्च रोखीने केला, तर घसाऱ्यासाठी मशीनची मूळ किंमत ठरवताना तो धरता येत नाही. म्हणजे संस्थेच्या पुस्तकात तो मशीनमध्ये जाईल, पण आयकराच्या हिशेबात त्याचा लाभ मिळणार नाही. कागद जुळला की व्हाउचिंग झाले, असे समजू नका. ही नोंद याच खात्यात, याच वर्षात आणि याच पद्धतीने व्हायला हवी होती का, याचा निवाडा त्या टिकेत असला पाहिजे.

त्याच व्हाउचरला ट्रकची पावती जोडलेली आहे, आणि तिच्यावर माल उतरवण्याचे ठिकाण म्हणून जो प्लॉट क्रमांक लिहिला आहे, तो संस्थेचा नाही. रक्कम तपासणाऱ्याचे डोळे रकमेवर असतात, त्यामुळे पत्ता वाचायचा राहून जातो. ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. शॉपवर गेल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

लेखापरीक्षण मानक 500 मध्ये पुराव्याची जी उतरंड आहे, ती इथे उपयोगाची आहे. संस्थेबाहेरून आलेला पुरावा संस्थेने स्वतः तयार केलेल्या पुराव्यापेक्षा साधारणपणे अधिक विश्वासार्ह असतो, ऑडिटरने स्वतः मिळवलेला पुरावा दुसऱ्याच्या हातून आलेल्या पुराव्यापेक्षा बरा आणि मूळ प्रत झेरॉक्सपेक्षा बरी. व्हाउचिंगमध्ये तुमच्यासमोर येणारा जवळजवळ प्रत्येक कागद संस्थेच्या फाइलीतून, संस्थेच्याच माणसाच्या हातून येतो. बिल बाहेरच्याने दिलेले असले, तरी तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी ते संस्थेच्या हातात राहिलेले असते. रोखीच्या किरकोळ व्हाउचरांत तर बहुधा बाहेरचा कागदच नसतो. म्हणून व्हाउचरांचा गठ्ठा एकेक करून उलटण्यापेक्षा एका पुरवठादाराची सगळी बिले एकत्र काढून ओळीने मांडावीत. एप्रिलच्या बिलाचा क्रमांक 41, जुलैच्या बिलाचा 42 आणि नोव्हेंबरच्या बिलाचा 43 निघाला, तर या पुरवठादाराला वर्षभरात दुसरे गिऱ्हाईकच मिळाले नाही, किंवा हे बिलबुक संस्थेच्याच टेबलाच्या खणात आहे, या दोन शक्यता तपासाव्या लागतात. एकेका बिलाकडे पाहून ही गोष्ट कधीच लक्षात आली नसती.

कागद निर्दोष असूनही वस्तू नसते, याचा मोठा धडा 1938 साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या प्रकरणातून मिळाला. कंपनीच्या पुस्तकांत सुमारे 8.7 कोटी डॉलरची मालमत्ता होती. तिच्यातली सुमारे 1.9 कोटी डॉलरची मालमत्ता, मुख्यतः माल आणि येणी, अस्तित्वातच नव्हती. कच्च्या औषधी मालाच्या व्यवहाराचे कागद व्यवस्थित तयार केलेले होते आणि ऑडिटरांनी ते तपासलेही होते. मात्र गोदामात जाऊन माल पाहणे आणि देणेकऱ्यांना परस्पर पत्र लिहून विचारणे हा तेव्हाच्या प्रथेचा आवश्यक भाग नव्हता. 1939 साली तेथील लेखापालांच्या संघटनेने या दोन्ही गोष्टी ऑडिटच्या मान्य पद्धतीत आणल्या. आपल्याकडे मानक 501 याच वाटेवरचे आहे. मालसाठ्याची रक्कम महत्त्वाची असेल, तर शक्य असेल तोवर मोजणीच्या वेळी ऑडिटरने हजर राहावे, असे ते सांगते.

आता शॉपवर चलू. पडताळणीला जाताना स्थिर मालमत्तेची नोंदवही, मूळ बिलांच्या प्रती आणि मागच्या वर्षाचा ताळेबंद बरोबर असू द्या. लहान संस्थेत नोंदवही नसेलच, तर घसाऱ्याच्या तक्त्यावरून निदान यादी करून घ्या. 31 मार्चलाच जाता आले नाही तरी काम अडत नाही. समजा तुम्ही 6 एप्रिलला गेलात, तर मधल्या सहा दिवसांत कोणती वस्तू आली किंवा गेली याची गेट रजिस्टरवरून नोंद घ्या आणि मागे येऊन 31 मार्चची स्थिती जुळवा.

आपल्या उदाहरणातल्या शॉपमध्ये शिरल्यावर चार लेथ रांगेत उभे दिसतात. नोंदवहीतही चारच आहेत. मोजणी जुळली म्हणून इथेच परत फिरणाऱ्याने पडताळणी केली असे मी म्हणणार नाही. प्रत्येक मशीनच्या अंगावर बनावटीची एक पट्टी असते, तिच्यावर उत्पादकाचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक आणि बहुधा बनावटीचे वर्ष असते. तो अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा. तीन मशीनचे क्रमांक जुळतात. चौथ्याचा जुळत नाही, आणि नीट पाहिल्यावर त्याच्या बाजूला एका फाउंड्रीची मालमत्ता-चिठ्ठी चिकटवलेली दिसते. चौकशी केल्यावर कळते की आपलेच काम अडू नये म्हणून त्या फाउंड्रीने आपला एक लेथ इथे आणून ठेवला आहे. ते मशीन डोळ्यांसमोर चालू आहे, संस्थेच्या छताखाली आहे, संस्थेचा ऑपरेटर त्यावर काम करतो आहे, तरी ते संस्थेचे नाही. आणि ज्याचे 7,50,000 रुपये ताळेबंदात आहेत, ते मशीन इथे नाही.

आता ट्रकच्या पावतीवरचा तो प्लॉट क्रमांक आठवा. तो प्लॉट एका भागीदाराच्या भावाचा निघतो, त्याचा स्वतंत्र धंदा तिथे चालतो आणि अनुक्रमांक जुळणारे मशीन तिथे उभे आहे. इथे घाईने ‘अफरातफर’ हा शब्द लिहू नका. मशीन खरे आहे, पैसे खरे गेले आहेत, बिल खरे आहे. अस्तित्व आणि मालकी सिद्ध झाली, पण ताबा आणि वापर यांचा प्रश्न उभा राहिला. ते भाड्याने दिले असेल, तर करारपत्र कुठे आहे आणि भाडे संस्थेच्या उत्पन्नात का नाही? तसेच दिले असेल, तर दुसऱ्या भागीदाराला ते माहीत आहे का? संस्थेच्या धंद्यासाठी वापरलेच नसेल, तर आयकरातील घसारा आणि जी.एस.टी.चे क्रेडिट हे दोन्ही हक्क डळमळीत होतात. विमा पॉलिसीत मशीनचे ठिकाण संस्थेचा प्लॉट असे लिहिले असेल आणि मशीन दुसऱ्याच प्लॉटवर असेल, तर नुकसानीच्या वेळी भरपाई नाकारली जाऊ शकते. भावाकडून ‘हे मशीन अमुक संस्थेच्या मालकीचे असून माझ्याकडे अमुक अटींवर आहे’ असे लेखी पत्र ऑडिटरने परस्पर मागवावे. ते पत्र आल्यावरच भागीदारांशी बोलणी करण्यात अर्थ आहे. शेवटी भागीदारांनी हे मशीन भावाला देऊनच टाकले असे ठरले, तर ती रक्कम यंत्रसामग्रीतून निघून संबंधित भागीदाराच्या खात्याला नावे पडेल किंवा भावाकडून येणे म्हणून दिसेल.

यातली कोणतीच गोष्ट बिल, चलन आणि बँकेचा उतारा यांच्यातून कळली नसती. पावतीवरच्या पत्त्याने फक्त इशारा दिला होता.

मालकीबद्दल आणखी एक गोष्ट. वापरलेले मशीन घेताना विक्रेत्याने ते आधी आपल्या बँकेला तारण दिलेले असू शकते. वाहनाच्या आर.सी. बुकावर बँकेचे नाव लिहिलेले असते, तशी सोय लेथच्या बाबतीत नाही. म्हणून विक्रेत्याच्या बँकेचे ना-हरकत पत्र खरेदीच्या फाइलीत आहे का, हे पाहावे. विक्रेता कंपनी असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिच्यावर नोंदलेल्या बोज्यांची यादी पाहता येते. आपल्या संस्थेने हे मशीन घेण्यासाठी स्वतः कर्ज काढले असेल, तर बँकेचे मंजुरीपत्र वाचा. त्यात तारण म्हणून लिहिलेल्या मशीनचा क्रमांक आणि तुमच्या नोंदवहीतला क्रमांक एकच असायला हवा.

किमतीचा प्रश्न मात्र शॉपवर सुटत नाही, तो टेबलावर सोडवावा लागतो. मशीन ऑक्टोबरच्या मध्यावर आले, त्यामुळे ते लगेच वापरात घेतले असे धरले तरी 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरत नाहीत. म्हणून आयकरात 15 टक्क्यांऐवजी निम्मा, म्हणजे साडेसात टक्के घसारा मिळतो. 7,50,000 वर तो 56,250 रुपये होतो आणि 6,93,750 रुपये उरतात. ते मशीन संस्थेच्या धंद्यात वापरले, असे गृहीत धरून हा हिशेब केला आहे. आपल्या उदाहरणात नेमके तेच सिद्ध व्हायचे आहे. बसवण्याची तारीख, वीजजोडणीची तारीख आणि पहिल्या उत्पादनाची नोंद यांवरून वापराची तारीख ठरवा, बिलाच्या तारखेवरून नको.

आता उलट दिशेचे एक उदाहरण घेऊ, कारण व्हाउचिंग पुस्तकाकडून कागदाकडे जाते, तर पडताळणी दोन्ही दिशांनी करावी लागते. नोंदवहीतली प्रत्येक वस्तू शॉपमध्ये शोधणे ही एक दिशा झाली. शॉपमधली प्रत्येक मोठी वस्तू नोंदवहीत शोधणे ही दुसरी, आणि नवखे लोक बहुधा हीच विसरतात. समजा भिंतीलगत एक नवा एअर कॉम्प्रेसर उभा आहे आणि नोंदवहीत तो कुठेच नाही. पुरवठादाराचे नाव त्याच्या अंगावरच्या चिठ्ठीवरून घेतले आणि त्याचे खाते उघडले, तर जून महिन्यात 48,000 रुपये ‘दुरुस्ती व देखभाल’ खात्याला नावे पडलेले सापडतात. त्या व्हाउचरवर टिक आहे. बिल खरे होते, रक्कम खरी होती, फक्त बिलावर ‘कॉम्प्रेसर, नग 1’ असे लिहिलेले वाचून तो दुरुस्तीचा खर्च नाही हे कोणाच्या लक्षात आले नाही. व्हाउचिंगमधली चूक पडताळणीने पकडली. अशी चूक सापडली की त्या खात्यातली मोठी बिले पुन्हा वाचायला हवीत, कारण ज्या हिशेबनिसाने कॉम्प्रेसर दुरुस्तीत टाकला, तो आणखीही काही टाकत असू शकतो.

जॉबवर्क करणाऱ्या संस्थेत मालसाठ्याच्या बाबतीत हा घोळ अधिक होतो. शॉपभर कास्टिंगचे ढीग असतात आणि ते सगळे फाउंड्र्यांचे असतात. ते त्यांच्या चलनावर आलेले असतात आणि काम होऊन परत जाणार असतात. भागीदाराने मार्चअखेरची यादी करताना दिसेल ते मोजले आणि कास्टिंगची किंमतही आपल्या साठ्यात धरली, तर साठा प्रचंड फुगेल. बँकेकडून कॅश क्रेडिट वाढवून घ्यायची असेल, तर तसे करण्याचा मोहही असतो. म्हणून ढीग मोजताना प्रत्येक ढिगाचे चलन मागा. संस्थेचा स्वतःचा साठा म्हणजे टूल इन्सर्ट, कूलंट, तेल, सुटे भाग एवढाच निघेल. मशिनिंगमधून निघणारा बिडाचा कीस, ज्याला शॉपवर बोरिंग म्हणतात, तो कोणाचा हे फाउंड्रीशी झालेल्या करारावर अवलंबून असते. काही ठिकाणी तो फाउंड्रीला परत जातो, काही ठिकाणी जॉबवर्करकडे राहतो. ते विचारल्याशिवाय तो साठ्यात घेऊ नये आणि सोडूही नये.

एवढे सांगितल्यावर पडताळणी श्रेष्ठ आणि व्हाउचिंग दुय्यम असे तुम्हाला वाटू लागेल, पण तसे नाही. मशीन समोर उभे आहे, क्रमांक जुळतो, चालू आहे, म्हणजे ते 7,50,000 रुपयांचेच आहे असे त्याच्याकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. त्याच मॉडेलचे, त्याच वयाचे मशीन बाजारात साडेपाच लाखांना मिळत असेल आणि विक्रेता एखाद्या भागीदाराचा नातलग असेल, तर जादा गेलेल्या दोन लाखांचा माग मशीनच्या पट्टीवर नसतो. तो दरपत्रके किती मागवली, कोणी मंजूर केली, विक्रेत्याचा पत्ता कोणता आणि बँकेतून गेलेल्या पैशातले काही परत कोणाच्या खात्यात आले का, या कागदांतच सापडतो. शिवाय पगार, वीज, भाडे, वाहतूक, व्याज असे बहुतेक खर्च 31 मार्चला पाहण्यासारखे काहीच मागे ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी तुमच्याकडे प्रामुख्याने व्हाउचिंगच असते, म्हणून ते जास्त जपून करावे लागते.

ही दोन कामे एकमेकांना कशी उपयोगी पडतात, हे मला एका चुकीतून कळले, आणि ती चूक माझी होती. सुरुवातीच्या काळात एका कारखान्याचे ऑडिट सलग दुसऱ्या वर्षी माझ्याकडे आले. त्यांचा डिझेल जनरेटर मी पहिल्या वर्षी स्वतः पाहिला होता. दुसऱ्या वर्षी वेळ कमी होता, आवारात पावसाने चिखल झाला होता, आणि जनरेटर काय कुठे जाणार, या विचाराने मी मागच्या वर्षाच्या यादीवरून त्याच्यापुढे टिक केली. तो त्याच वर्षी डिसेंबरात विकला गेला होता आणि विक्रीची रक्कम पुस्तकात आलीच नव्हती. पुढच्या वर्षी ही गोष्ट दुसऱ्याच कारणाने उघड झाली, तेव्हा मी माझेच जुने कागद काढून बसलो. त्याच वर्षीच्या खर्चाचे व्हाउचिंगही मीच केले होते. डिझेलची बिले डिसेंबरनंतर एकही नव्हती. जनरेटरच्या सर्व्हिसचे तिमाही बिल जानेवारीत आले नव्हते. विम्याच्या नूतनीकरणात त्याचे नाव गळले होते. प्रत्येक बिलावर मी टिक केली होती, पण जे बिल यायला हवे होते आणि आले नाही, त्याच्यावर टिक करण्याची सोय कोणत्याही वहीत नसते. ते स्वतःहून विचारावे लागते.

तेव्हापासून माझी एक सवय झाली, ती तुम्हीही लावून घ्या. प्रत्येक मोठी मालमत्ता खर्च खाते. गाडी इंधन, टायर, विमा आणि फास्टॅग खाते, लेथ इन्सर्ट, कूलंट आणि वीज खातो, संगणक निदान टोनर तरी खातो. पडताळणीला निघण्यापूर्वी त्या मालमत्तेला लागणाऱ्या खर्चाची महिनावार रांग काढायची. आपल्या उदाहरणात 18 ऑक्टोबरला चौथे मशीन आले म्हणतात, तर नोव्हेंबरपासून महावितरणच्या बिलातले युनिट वाढायला हवेत. जुलै ते सप्टेंबर आणि नोव्हेंबर ते जानेवारी यांतले युनिट जवळजवळ सारखे असतील, इन्सर्टची खरेदीही तेवढीच असेल आणि चौथ्या ऑपरेटरचा पगारही पगारपत्रकात नसेल, तर शॉपवर जाण्याआधीच तुम्हाला काय शोधायचे ते कळलेले असते. आकडे वाढलेले नाहीत म्हणून मशीन नाही, असा निष्कर्ष काढू नका. जॉब कमी असू शकतात, मशीन बंद असू शकते. मात्र प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला त्या आकड्यांनी दिलेला असतो, आणि ते आकडे व्हाउचिंग करताना तुमच्या हाताखालून गेलेले असतात.

म्हणून क्रम असा ठेवा. व्हाउचिंग करताना जिथे मालमत्ता किंवा मालमत्तेसारखे काही दिसेल, तिथे टिकेसोबत एका स्वतंत्र कागदावर वस्तूचे वर्णन, बिलावरचा अनुक्रमांक, माल उतरल्याचा पत्ता आणि खाते टिपून ठेवा. दुरुस्ती आणि किरकोळ खर्चाची मोठी बिलेही त्यात घ्या. तो कागद घेऊनच शॉपवर जा. तिथे पाहिलेल्या मशीनचा क्रमांक, जागा, चालू-बंद स्थिती, पाहण्याची तारीख आणि दाखवणाऱ्याचे नाव स्वतःच्या हाताने लिहा. जमल्यास पट्टीचा फोटो घ्या. फोटो कोणी तरी मोबाइलवर पाठवला आणि तुम्ही तो फाइलीत लावला, तर ती पडताळणी होत नाही, कारण तो फोटो कुठला आणि कधीचा हे तुम्ही पाहिलेले नसते. वर्किंग पेपरवर ‘मशीन पाहिले, ठीक’ एवढेच लिहिलेले मला मान्य होणार नाही. कोणत्या क्रमांकाचे मशीन, कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेला पाहिले, हे तिथे असले पाहिजे.

तुमच्या लेथसाठी उद्या निघण्यापूर्वी त्या व्हाउचरला जोडलेली ट्रकची पावती पुन्हा एकदा काढा आणि या वेळी रक्कम सोडून पत्ता वाचा.